पत्रिकेतल्या शकावरून जन्मसाल आणि आजचं वय कसं काढायचं

खानदेशात आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या बऱ्याच जणांचं जन्मसाल कागदावर नीट लागलेलं नाही. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून टाकला, आधार काढताना १ जानेवारी पडला आणि तेच पुढे चालू राहिलं. मात्र घरातल्या पत्र्याच्या पेटीत, लाल फडक्यात गुंडाळलेली पत्रिका अनेकदा सापडते. तिच्यावर जन्माचा शक, महिना, तिथी, वार आणि वेळसुद्धा लिहिलेली असते. ती वाचता आली तर नुसतं साल नाही, जन्माची इंग्रजी तारीखही हाती लागते. या लेखात शालिवाहन शकाची पत्रिका कशी उलगडायची ते सांगतो, आणि शेवटी विक्रम संवतातल्या नोंदीबद्दल, कारण नंदुरबार-शहादा-नवापूरकडे तीच जास्त सापडते आणि तिथेच वर्षाची चूक होते.

आपण एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवू. समजा एका आजीची पत्रिका समोर आहे. जन्म जळगाव भागातला. सुरुवातीचा गणेशस्तवनाचा श्लोक सोडून पुढे लिहिलंय: ‘श्रीमन्नृपशालिवाहन शके १८६९ सर्वजितनाम संवत्सरे उत्तरायणे हेमंतऋतौ पौषमासे शुक्लपक्षे पौर्णिमायां तिथौ इंदुवासरे पुष्यनक्षत्रे श्रीसूर्योदयात् गत घटी ७ पळे ३०’. आजींचं म्हणणं एवढंच, “गांधीबाबा गया त्या साले मना जलम शे.” आधार कार्डावर १ जानेवारी १९५० आहे. आपल्याला खरी तारीख आणि वय काढायचं आहे.

आधी पत्रिका पूर्ण उतरवून घ्या

कॅलक्युलेटरकडे जायच्या आधी पत्रिकेतली ही ओळ जशीच्या तशी वहीत उतरवा. शक, संवत्सराचं नाव, महिना, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र, घटी-पळे, सगळं. घाईत लोक फक्त शकाचा आकडा बघतात आणि बाकीचं सोडून देतात. खरं तर आकडा हाच सगळ्यात कच्चा भाग असतो. बोरूने किंवा टाकाने लिहिलेला, शाई उडालेला, घडीवर फाटलेला ९ हा १ सारखा दिसतो, ५ आणि ६ एकमेकांत मिसळतात. आकडा खोटा वाचला गेला की नाही, हे बाकीच्या शब्दांवरून पकडता येतं.

वाराच्या नावांची एक खूणगाठ बांधून ठेवा. भानुवासर म्हणजे रविवार, इंदुवासर सोमवार, भौमवासर मंगळवार, सौम्यवासर बुधवार, गुरुवासर गुरुवार, भृगुवासर शुक्रवार, मंदवासर शनिवार. यातला सौम्यवासर फसवतो. तो ‘सोम’सारखा वाटतो म्हणून लोक सोमवार धरतात, पण तो बुधाचा वार आहे. पक्षाच्या बाबतीत शुद्ध, सुदी, शुक्ल म्हणजे चांदणं वाढतं तो पंधरवडा आणि वद्य, वदी, कृष्ण म्हणजे काळोखाचा.

शकाचा आकडा संवत्सराच्या नावावरून तपासा

प्रत्येक शकवर्षाला साठ नावांपैकी एक नाव असतं. प्रभव पहिलं, क्षय साठावं, मग पुन्हा प्रभव. पाडव्याला पंचांग वाचून नव्या संवत्सराचं नाव सांगतात ते हेच. नाव आणि आकडा यांची सांगड पक्की आहे: शकात १२ मिळवा आणि ६० ने भागा, जी बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. बाकी शून्य आली तर साठावं.

आपल्या पत्रिकेत १८६९ अधिक १२ म्हणजे १८८१. साठाने भागल्यावर ३१ वेळा जातात, १८६० होतात, बाकी २१. एकविसावं संवत्सर सर्वजित. पत्रिकेवरही सर्वजितच आहे, म्हणजे आकडा बरोबर वाचला.

आता समजा शेवटचा ९ पुसट होता आणि तुम्ही तो १ वाचलात. १८६१ अधिक १२ म्हणजे १८७३, बाकी १३. तेरावं संवत्सर प्रमाथी. पत्रिकेवर सर्वजित लिहिलेलं असेल तर १८६१ होऊच शकत नाही. आठ वर्षांची चूक इथेच पकडली जाते. माझ्या मते पत्रिकेतला सगळ्यात भरवशाचा शब्द हाच, कारण अक्षरं पुसली तरी नाव बहुधा ओळखू येतं. ‘स..जित’ एवढं दिसलं तरी काम होतं.

आज हयात असलेल्या माणसांसाठी साठ नावांचा सगळा तक्ता लागत नाही. शके १८६६ तारण, १८६७ पार्थिव, १८६८ व्यय, १८६९ सर्वजित, १८७० सर्वधारी, १८७१ विरोधी, १८७२ विकृती, १८७३ खर, १८७४ नंदन, १८७५ विजय. एवढी दहा नावं लिहून ठेवली तर १९४४ ते १९५४ मधले बहुतेक जन्म त्यात येतात. त्याच्या मागचं-पुढचं कुठल्याही छापील पंचांगात सापडेल.

एक सावधगिरी. पत्रिका मारवाडी किंवा गुजराती जोशीबुवांनी केलेली असेल तर तिच्यावरचं संवत्सराचं नाव वेगळ्या पद्धतीचं असू शकतं. उत्तरेकडे हे नाव गुरू ग्रहाच्या गतीवरून ठरतं आणि आपल्या नावापासून ते बरंच पुढे गेलेलं असतं. तिथे नाव जुळलं नाही म्हणून आकडा चुकीचा ठरवू नका.

७८ मिळवायचे की ७९?

शकात ७८ मिळवले की इंग्रजी साल मिळतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण हे अर्धंच खरं आहे. शकवर्ष गुढीपाडव्याला सुरू होतं आणि पुढच्या फाल्गुन अमावास्येला संपतं. मधे १ जानेवारी येऊन जातो. पाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंतच्या जन्माला ७८ मिळवायचे आणि १ जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या जन्माला ७९. शके १८६९ मार्च १९४७ च्या पाडव्याला लागला आणि एप्रिल १९४८ मध्ये संपला. त्यामुळे ‘शके १८६९ म्हणजे १९४७’ असं कोणी ठोकून दिलं, तर माघात जन्मलेल्या माणसाचं वय सरळ एका वर्षाने वाढतं.

मग महिन्यावरून कसं ठरवायचं? चैत्रापासून कार्तिकापर्यंत काहीच अडचण नाही, ७८ मिळवा. आखाजी म्हणजे वैशाख शुद्ध तृतीया, कानबाई श्रावणातली, पोळा श्रावण अमावास्येचा, दसरा-दिवाळी आश्विन-कार्तिकातली, ही सगळी ७८ च्या बाजूला येतात. “आखाजीच्या दुसऱ्या दिवशी झाली,” एवढीच आठवण असली तरी साल ठरतं. मार्गशीर्षात सारंगखेड्याची यात्रा भरते ती दत्तजयंतीला, म्हणजे पौर्णिमेला. तिथपर्यंतही ७८ चालतात. माघ आणि फाल्गुनाला मात्र नेहमी ७९.

खरी अडचण मार्गशीर्ष वद्य आणि पौष शुद्ध या दोन पंधरवड्यांत आहे. १ जानेवारी दरवर्षी यातच कुठेतरी पडतो, पण कुठे ते दरवर्षी बदलतं, कारण चांद्रवर्ष अकराएक दिवसांनी मागे सरकतं आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे येतं. २०२२ मध्ये मार्गशीर्ष अमावास्या २ जानेवारीला आली होती. काही वर्षी मात्र पौष डिसेंबरच्या मध्यालाच लागतो. त्यामुळे या पंधरवड्यांतल्या जन्मासाठी नुसत्या नियमावर विसंबू नका.

यातून सोडवायला मकरसंक्रांत उपयोगी पडते. संक्रांत सूर्यावर चालते म्हणून ती इंग्रजी तारखेला जवळजवळ खिळलेली आहे. या वयाच्या लोकांच्या जन्माच्या काळात ती १३ किंवा १४ जानेवारीलाच येत असे. आणि ज्या चांद्रमहिन्यात सूर्य मकरेत जातो तोच पौष, अशी महिन्याची व्याख्याच आहे. म्हणून पौषातला जन्म संक्रांतीनंतरचा असेल तर तो नक्की जानेवारी-फेब्रुवारीतला आणि मिळवायचे ७९. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, “तीळगूळ वाटून झाल्यावर जन्म झाला की आधी?” तिथी विसरली तरी हे लक्षात असतं. पौष वद्यातला जन्मही बिनधास्त ७९ मध्ये घ्या, कारण पौष पौर्णिमाच लवकरात लवकर डिसेंबरच्या अगदी शेवटी येते, तीही क्वचित.

आजींच्या पत्रिकेत पौष पौर्णिमा आहे. इथे आणखी एक खूण मिळते. लिहिलंय ‘उत्तरायणे’. जुन्या पत्रिकांत उत्तरायण बहुधा मकरसंक्रांतीपासून धरलेलं असतं. म्हणजे जन्म संक्रांतीनंतरचा, जानेवारीतलाच. तेव्हा १८६९ अधिक ७९, साल १९४८.

साल मिळालं, आता तारीख

सालावर थांबू नये. वार आणि तिथी आहे तर तारीख मिळते, आणि तारीख जुळली की सालही पक्कं होतं.

१९४८ चं जुनं पंचांग मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर फोनवरच्या पंचांग ॲपमध्ये १९४८ चा जानेवारी उघडा. ॲप वापरताना दोन गोष्टी बघा. महिना अमान्त, म्हणजे अमावास्येला संपणाऱ्या पद्धतीचा निवडलेला असावा, आणि गाव जळगाव, धुळे असं जवळचं असावं. पौष पौर्णिमा येते २६ जानेवारी १९४८ ला. पौर्णिमा त्या दिवशी दुपारी पावणेएकच्या सुमारास संपते. वार सोमवार, म्हणजेच इंदुवासर. चंद्र पुष्य नक्षत्रात. पत्रिकेतली तिन्ही अंगं जुळली.

हे का महत्त्वाचं, ते एक उलटा प्रयोग करून बघा. कोणी ७८ मिळवून १९४७ धरलं असतं तर पौष पौर्णिमा शोधायला ते जानेवारी १९४७ मध्ये गेले असते. ती पौर्णिमा शके १८६८ ची, संवत्सर व्यय. पत्रिकेवरच्या सर्वजितशी मेळ बसत नाही. पौर्णिमेची तारीखही बदलते आणि वारही सहसा जुळत नाही. नुसता वार जुळणं हा मोठा पुरावा नव्हे, सातात एकदा तो योगायोगानेही जुळेल. पण वार, नक्षत्र आणि संवत्सर तिन्ही एकत्र जुळले तर शंकेला जागा उरत नाही.

आता वेळ. ‘सूर्योदयात् गत घटी ७ पळे ३०’. एक घटी २४ मिनिटांची, एका घटीत ६० पळे. साडेसात घटी म्हणजे १८० मिनिटं, बरोबर तीन तास. जानेवारीअखेर जळगावकडे सूर्य सातनंतर लवकरच उगवतो, म्हणजे जन्म सकाळी दहाच्या सुमाराचा. पौर्णिमा दुपारपर्यंत आहे, तिथीही बसली.

घटी मोजण्याची तसदी का घ्यायची? कारण पत्रिकेतला वार सूर्योदयाला बदलतो आणि इंग्रजी तारीख मध्यरात्री. समजा त्याच पत्रिकेत ७ ऐवजी ५० घटी लिहिल्या असत्या. ५० घटी म्हणजे २० तास. सकाळी सातला वीस तास मिळवले की पहाटेचे तीन. पत्रिका अजून इंदुवासरच म्हणणार, पण इंग्रजी तारीख २७ जानेवारी, मंगळवार झालेली. साधारण ४२ च्या पुढे घटी असतील तर आधी सूर्योदयात मिळवून बघा, मध्यरात्र ओलांडली की तारीख एक दिवस पुढे घ्या. वार एका दिवसाने चुकतोय असं वाटून चांगली जुळलेली तारीख लोक इथेच टाकून देतात.

आठवणीशी ताडून बघा

आता आजींच्या बोलण्याकडे या. गांधीजींची हत्या ३० जानेवारी १९४८ ला, शुक्रवारी झाली. आपली तारीख २६ जानेवारी. जन्माचा दिवस पहिला धरला तर ३० तारीख पाचवी येते. घरात कोणी सांगितलं की पाचवी पुजायच्या दिवशी रेडिओवरची बातमी गावात आली आणि बायका पूजा आटोपून चावडीकडे गेल्या, तर तुमच्या गणिताला याहून चांगली साक्ष नको. म्हणून म्हाताऱ्या माणसांना “कोणत्या साली जन्म?” असं विचारू नका. “पाचवीला, बाराव्याला, बारशाला गावात काय चाललं होतं?” असं विचारा. सालाचा आकडा लोकांनी इतरांकडून ऐकलेला असतो, प्रसंग मात्र घरातला असतो.

आठवण आणि पत्रिका जुळत नसतील तर माझा कल पत्रिकेकडे असतो, पण एका अटीवर. पत्रिका जन्माच्या वेळी केलेली असावी. लग्न जमवताना, वय कमी दाखवायला नंतर बनवलेल्या पत्रिकाही असतात. अशा पत्रिकेत वार आणि तिथी एकमेकांशी जुळत नाहीत, किंवा नक्षत्र तिथीला शोभत नाही. पौष पौर्णिमेला चंद्र पुष्याच्या आसपासच असतो, महिन्याचं नावच त्यावरून पडलंय. त्याच तिथीला कोणी मूळ नक्षत्र लिहिलं असेल तर ती पत्रिका बाजूला ठेवा.

आजचं वय

समजा आज १ जून २०२६ आहे. २०२६ वजा १९४८ म्हणजे ७८, आणि २६ जानेवारी होऊन गेलेली आहे. तेव्हा आजींची ७८ वर्षं पूर्ण झाली, एकोणऐंशीवं चालू आहे. आधारच्या १ जानेवारी १९५० वरून ७६ येतात.

शकावरून ताळा घ्यायचा असेल तर सरळ वजाबाकी करून फसू नका. १९ मार्च २०२६ च्या पाडव्याला शके १९४८ लागला. १९४८ वजा १८६९ म्हणजे ७९. पण शके १९४८ मधला पौष अजून आलेला नाही, म्हणून एक वजा करायचं, ७८. दोन्ही वाटांनी उत्तर तेच आलं पाहिजे. येत नसेल तर बहुधा ७८-७९ ची गडबड झालेली आहे.

घरातली मंडळी ‘लागलेलं’ वर्ष सांगतात, कचेरीला ‘पूर्ण झालेलं’ हवं असतं. आजींना विचाराल तर त्या “एकोणऐंशी” म्हणतील आणि ते खोटं नाही. पण अर्जावर ७८ लिहायचे.

पत्रिकेवर शक नसून संवत असेल तर

तापीच्या खालच्या अंगाला, नंदुरबार, नवापूर, तळोदा, शहाद्याकडे गुजराती आणि गुजर कुटुंबांत, तसंच सगळ्या खानदेशातल्या मारवाडी पेढ्यांवर विक्रम संवत चालतो. कधी पत्रिका नसते, पण दुकानाच्या वहीत ‘संवत २००७ अषाड सुद ५, पुत्रजन्म, पेढे वाटले’ अशी खर्चाची नोंद सापडते. ती फार मोलाची असते, कारण वहीतली नोंद कोणी नंतर बनवत नाही.

पण संवताचं वर्ष कधी सुरू होतं यावर सगळं अवलंबून आहे. गुजराती वही दिवाळीनंतर कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलते. मारवाडी आणि उत्तरेकडचा संवत चैत्रात बदलतो. म्हणून चैत्र ते आश्विन या काळात दोन्हींमध्ये एका वर्षाचं अंतर पडतं, कार्तिक ते फाल्गुन दोन्ही सारखे.

वरचीच नोंद घ्या. वही गुजराती असेल तर संवत २००७ चा आषाढ हा दिवाळी १९५० नंतरचा पुढचा आषाढ, म्हणजे जुलै १९५१. गुजराती संवतातून १ जानेवारीपासून आश्विनअखेरपर्यंत ५६ वजा करायचे, आणि कार्तिकापासून ३१ डिसेंबरपर्यंत ५७. तीच वही चैत्री संवताची असेल तर चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ५७ वजा करायचे आणि साल येतं १९५०.

या एका वर्षाने काय फरक पडतो? जुलै १९५१ धरलं तर १ जून २०२६ ला त्या माणसाची ७४ वर्षं पूर्ण होतात. १९५० धरलं तर ७५ पूर्ण होऊन गेलेली. एसटीचा पंचाहत्तरीनंतरचा मोफत प्रवास त्याला आज मिळतो की अजून महिनाभर थांबायचं, ते या एका प्रश्नावर ठरतं. म्हणून वहीचं पहिलं पान उघडून बघा. वहीपूजन दिवाळीचं असेल, ‘कारतक सुद १’ असं लिहिलं असेल तर कार्तिकी संवत. लिपी आणि भाषाही सांगते. अंदाजाने ठरवू नका.

मारवाडी पत्रिकेत आणखी एक भेद असतो. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. शुक्ल पक्षात फरक नाही, पण कृष्ण पक्षात त्यांचा महिना आपल्यापेक्षा एक पुढचा दिसतो. आपण ज्याला पौष वद्य म्हणतो त्याला ते माघ वदी म्हणतील. ॲपमध्ये महिना शोधताना ही अदलाबदल केली नाही तर तारीख पूर्ण एका महिन्याने सरकते. गुजराती महिने मात्र आपल्यासारखेच अमावास्येला संपतात.

सरकारी राजपत्रात वगैरे जो शक छापतात तो भारतीय राष्ट्रीय पंचांगाचा, आणि ते २२ मार्च १९५७ पासून लागू झालं. त्याचे महिने सूर्याचे आहेत, तिथी नाहीत. जुन्या पत्रिकेचा त्याच्याशी संबंध जोडू नका, नावं तीच असली तरी तारखा वेगळ्या येतात.

तारीख मिळाल्यावर कचेरीत काय मागायचं

पत्रिका हा घरचा पुरावा आहे. जन्मतारीख बदलायला नुसती पत्रिका पुढे केली तर काम सहसा होत नाही. पत्रिकेचा खरा उपयोग हा की सरकारी नोंद कुठे शोधायची ते कळतं.

गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये असतात. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. ती तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतात आणि त्यात इंग्रजी तारखेप्रमाणे नोंदी असतात. अर्ज करताना ‘१९४७ किंवा १९४८’ असं मोघम लिहिलं तर कारकून एकच रजिस्टर काढतो आणि ‘नोंद आढळून आली नाही’ असा शेरा मिळतो. आपल्याकडे तारीख आहे, तेव्हा ‘मौजे अमुक, २६ जानेवारी १९४८ च्या आसपासची स्त्री जातीच्या मुलीची नोंद, वडिलांचं नाव अमुक’ असं नेमकं लिहा. फेब्रुवारी १९४८ चं पानही दाखवायला सांगा, कारण कोतवाल नोंद जन्माच्याच दिवशी करत असे असं नाही. नोंदीत मुलीचं नाव बहुधा नसतं, बारसं व्हायचं असतं. वडिलांचं नाव आणि जात यावरूनच ओळखावं लागतं.

जुन्या रजिस्टरच्या मथळ्यावर जिल्ह्याचं नाव ‘जळगाव’ किंवा ‘धुळे’ दिसणार नाही. तेव्हा जळगाव भाग पूर्व खानदेश होता आणि धुळे-नंदुरबार भाग पश्चिम खानदेश. नंदुरबार जिल्हा तर १ जुलै १९९८ ला झाला, त्यामुळे तिकडच्या गावांचे काही जुने कागद धुळ्यात विचारावे लागतात. तालुकेही फुटून नवे झालेत. अर्जात गावाचा आजचा तालुका लिहा आणि जन्माच्या वेळचा तालुकाही लिहा.

कोतवाल बुकात नोंद सापडली तर तिची प्रमाणित नक्कल मागा, आणि पत्रिकेवरची तारीख तिच्याशी दोन-चार दिवसांनी वेगळी असेल तर सरकारी कामाला नकलेवरचीच तारीख धरा.